रात्रपाळी आणि नारिंगी स्क्रीन : सात महिने वापरल्यानंतर

गेली चार वर्षं मी मालाडला रात्रपाळी करते. काम मेडिकल बिलिंगचं, त्यातलं एआर कॉलिंग. कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांचे अडकलेले क्लेम घेऊन तिकडच्या विमा कंपन्यांना फोन करायचे. तिकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणून आमची पाळी साडेनऊ ते साडेसहा. ऑफिसची गाडी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवईवरून भांडुपला सोडते. घरी पोचायला पावणेआठ होतात, आणि आठ-सव्वाआठला मी आडवी होते.

आडवी होते, पण झोपत नव्हते. दीड-दोन तास नुसती कूस बदलायची. कशीबशी डोळा लागायचा तो साडेदहाला, आणि दोन-अडीचला आपोआप जाग. चार तास झोपून पुन्हा रात्री नऊ तास हेडफोन लावून बसायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, दिवसाची झोप ती, तिला काय खोली असणार?" मीही तेच धरून चालले होते.

मागच्या डिसेंबरात शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं फोनचा Night Light चालू करून दिला. स्क्रीन पिवळट-नारिंगी झाला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही विंडोजचा Night light लावला. त्याच दिवशी एक वही घातली. किती वाजता पडले, अंदाजे किती वाजता झोप लागली, कधी उठले, एवढंच रोज लिहायचं. ही वही नसती तर हा अनुभव लिहिण्यात काही अर्थ नव्हता, कारण न झोपलेल्या माणसाची आठवण भरवशाची नसते.

पहिल्या तीन आठवड्यांत वहीत काहीही बदललं नाही. कारण कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला, आणि रात्रपाळीच्या प्रत्येकानं आधी हेच तपासावं असं मला वाटतं. दोन्हीकडे वेळापत्रक होतं Sunset to sunrise. म्हणजे सूर्य मावळला की स्क्रीन नारिंगी, उगवला की पांढरा. दिवसा काम करणाऱ्याला हे बरोबर आहे. माझ्याबाबतीत मात्र सगळंच उलटं. रात्रभर मला जागं राहायचं असायचं तेव्हा स्क्रीन नारिंगी. आणि डिसेंबरात मुंबईत सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळे मी आठ वाजता पडदे ओढून फोन हातात घ्यायचे तेव्हा तो पुन्हा पांढराशुभ्र झालेला असायचा.

हे का महत्त्वाचं, ते थोडक्यात. डोळ्यांत, ज्यांनी आपल्याला दिसतं त्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि ते ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतं. त्या पेशी मेंदूतल्या घड्याळाला कळवतात की दिवस आहे, आणि मेंदू झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दाबून ठेवतो. आपल्याला पांढरा दिसणाऱ्या स्क्रीनमध्ये हा निळा भाग भरपूर असतो. नारिंगी सेटिंग तोच कमी करतं.

जानेवारीत मी वेळा हाताने घातल्या. विंडोजमध्ये Settings, System, Display, Night light असं जायचं, Schedule night light चालू करायचं आणि Set hours निवडायचं. मी Turn on पहाटे साडेचारला ठेवलं आणि Turn off दुपारी साडेतीनला. अँड्रॉइड फोनमध्ये Night Light च्या Schedule मध्ये Turns on at custom time घेऊन त्याच वेळा टाकल्या. आयफोनवाल्या मैत्रिणींनी Display & Brightness मध्ये Night Shift, तिथे Scheduled, असं जावं. पाळीच्या पहिल्या सात तासांत माझा स्क्रीन आता साधाच पांढरा असतो, डोक्यावर ट्यूबलाइट असते, आणि असू दे. तेव्हा मला झोप नकोच आहे. शेवटचे दोन तास आणि त्यानंतरचा घरचा वेळ, एवढ्यापुरतंच नारिंगी.

फरक पडला, पण थोडाच. झोप लागायला दीड तासाऐवजी सव्वा तास. खरी अडचण उजेडाच्या प्रमाणात होती. रंग बदलला तरी माझ्या मॉनिटरचा ब्राइटनेस शंभरवर होता. विंडोजची ब्राइटनेसची पट्टी टेबलावरच्या मॉनिटरला लागू होत नव्हती, मॉनिटरच्या खालच्या बटणांनी मेनू उघडून तो कमी करावा लागला. किती कमी करायचा, याची माझी खूण अशी : एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा. स्क्रीनवरचं पांढरं पान कागदापेक्षा दिव्यासारखं चमकत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे. माझा तीसवर आला. फोनमध्ये ब्राइटनेस अगदी खाली आणून अंथरुणात वर Extra dim लावते. ही सोय अँड्रॉइड १२ पासून आहे. हे केल्यावर पंधरा दिवसांत वहीतला आकडा पन्नास मिनिटांवर आला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसत्या रंगाने झोप सुधारते, असं कोणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १८ ते २४ वयाच्या १६७ जणांवर आयफोनचा Night Shift तपासला होता. तो लावून फोन वापरणारे आणि न लावता वापरणारे, यांच्या झोपेत त्यांना फरक आढळला नाही. ते सगळे रात्री झोपणारे तरुण होते, माझ्यासारखे सकाळी झोपणारे नव्हते. पण माझ्या पहिल्या महिन्याचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

शिवाय फोनचा उजेड कितीही म्हटलं तरी लहान. सकाळचं ऊन हजारो लक्सचं असतं. आमची गाडी लिंक रोडने पूर्वेकडे जाते, पवईच्या आसपास कोवळं ऊन थेट समोरच्या काचेतून तोंडावर. रोज अर्धा तास मी मेंदूला सांगत होते की दिवस उजाडला, आणि घरी जाऊन त्याच मेंदूला म्हणत होते की झोप. फेब्रुवारीपासून गाडीत गडद तपकिरी काचांचा चष्मा लावते आणि उजव्या बाजूला मागे बसते, कारण पुढच्या सीटमुळे समोरचं ऊन अडतं. (स्वतः स्कूटर चालवत घरी जाणाऱ्यांनी हे करू नये. पाळीनंतर आधीच पेंग येत असते.) बेडरूमला जाड काळं अस्तर लावलेला पडदा शिवून घेतला, वरच्या फटीला चिकटपट्टी मारली. मार्चअखेर वहीत पंचवीस ते तीस मिनिटं दिसायला लागली, आणि झोप सहा तासांच्या आसपास.

मग सेटिंगचा वाटा किती आणि चष्म्या-पडद्याचा किती? हा प्रश्न मलाही होता. उत्तर एप्रिलमध्ये न विचारता मिळालं. जुना फोन पडून फुटला. भावाने नवा आणला आणि म्हणाला, "ताई, तुझं ते नारिंगीवालंही लावून दिलंय." पहाटे गाडीत बघितलं तर स्क्रीन खरंच नारिंगी होता, मी निश्चिंत. चष्मा, पडदा, सगळं पूर्वीसारखंच. तरी आठवडाभरात वहीत पंचेचाळीस, पन्नास, एकदा सत्तर मिनिटं. मी दोष दिला एप्रिलच्या उकाड्याला. मार्चपासून आमची पाळी एक तास आधी सुरू होते, त्यामुळे मी सातलाच आडवी होत होते. दहाव्या दिवशी सकाळी सातला अंथरुणात पडून क्लेमचा एक ग्रुप मेसेज वाचताना लक्षात आलं की पान पांढरं आहे. नवा फोन म्हणून चकचकीत दिसतोय, असं इतके दिवस वाटत होतं. Schedule उघडलं तर तेच, Sunset to sunrise. भावाला काय माहीत. वेळा बदलल्या, ब्राइटनेस खाली आणला, आणि पाच-सहा दिवसांत आकडा पुन्हा तिशीत आला. नव्या फोनचा स्क्रीन जुन्यापेक्षा जास्त उजळही होता, त्यामुळे यात रंग किती आणि उजेड किती हे मी वेगळं काढू शकत नाही. पण दोन्ही मिळून फरक पडतो, ही माझी खात्री तेव्हा झाली, कारण बिघडलंय हे मला माहीतच नसताना झोप बिघडली होती.

आता त्रास कुठे होतो ते. सर्वांत मोठा त्रास कामातला. आमच्या एक्सेलमध्ये ज्या क्लेमवर पुन्हा फोन करायचा असतो त्या ओळी फिक्या पिवळ्या रंगवतात. Strength शंभरवर ठेवली तर निळा रंग इतका कमी होतो की पांढरी ओळ आणि फिकी पिवळी ओळ सारखीच दिसते. जानेवारीत एका पहाटे माझ्याकडून अशा दोन ओळी सुटल्या, आणि त्यातल्या एकीची अपीलची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. टीम लीडनं सकाळच्या पाळीत पकडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून ऑफिसात Strength पंचेचाळीसच्या वर नेत नाही, आणि आमच्या टेबलच्या शीटमध्ये पिवळ्याऐवजी गडद निळी पार्श्वभूमी ठरवून घेतली. ती नारिंगी स्क्रीनवरही काळपट दिसते, पण वेगळी दिसते. फोनवर मात्र पूर्ण नारिंगी.

काही जणींच्या ऑफिस लॅपटॉपवर Night light चं बटण करडं दिसतं, दाबताच येत नाही. आमच्याकडे एकीचं तसं होतं. मॉनिटर डॉकमधून जोडलेला होता आणि त्याचा ड्रायव्हर डिस्प्लेलिंकचा होता, त्या ड्रायव्हरवर ही सोय चालत नाही. तिनं मॉनिटरच्याच मेनूतून कलर टेंपरेचर Warm केलं. वेळापत्रक नाही, रोज हाताने बदलावं लागतं, पण चालतं.

सुट्टीच्या दिवसांचं मात्र काही जमलेलं नाही. शनिवार-रविवार घरच्यांबरोबर दिवसा जागायचं, रात्री झोपायचं, आणि सोमवारी सकाळी, नाहीतर मंगळवारी, वहीत हमखास एक तासाचा आकडा. कुठल्याही स्क्रीनचा त्याला उपाय नाही. समोरच्या बिल्डिंगचं ड्रिलिंग आणि साडेनऊची भाजीवाल्याची हाक यांनाही नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. आपलं घड्याळ तिथल्या तिथेच, त्यामुळे पाळी सरकते. मार्चपासून आम्ही साडेआठ ते साडेपाच बसतो, म्हणून माझं नारिंगी आता पहाटे साडेतीनला सुरू होतं आणि दुपारी अडीचला संपतं. मार्चमध्ये मी हे बदलायला चार दिवस विसरले. आता फोनच्या कॅलेंडरमध्ये नोव्हेंबरच्या त्या रविवारची आठवण लावली आहे : "फोन, ऑफिस, दोन्ही वेळा एक तास पुढे." काल सकाळी साडेसहाला घरी आले, सातला पडले, वहीत सातवीस लिहिलं. उठले तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या आणि दीड वाजून गेला होता.