भरली ढोबळी की भरला टोमॅटो, ओव्हनमध्ये कोण उभं राहतं?

रविवारी दोन्ही एकाच ट्रेमध्ये ठेवले होते, सारण एकच, सोडे परतून त्यात कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला आणि थोडा शिजलेला भात. पस्तीस मिनिटांनी बघते तर मिरची मस्त आणि टोमॅटोचा रस्सा झालेला, सालं वेगळी तरंगतायत!

ढोबळी मिरचीची भिंत जाड, त्यामुळे तिला १९० डिग्रीला ३५-४० मिनिटं लागतातच, पहिली २५ मिनिटं वरून फॉइल आणि ट्रेत दोन-तीन चमचे पाणी, नाहीतर वरचा काठ करपतो आणि बूड कच्चं राहतं. बुडाला वाकडी असेल तर अगदी पातळ चकती काढा, पण भोक पडलं की संपलं.

टोमॅटोचं उलटं, त्याच्या पोटातच पाणी, ते तापलं की साल फाटते आणि गर बसतो. म्हणून कडक, जरा कच्चटच टोमॅटो घ्यायचे, गर कोरून आत मीठ चोळायचं आणि पंधरा-वीस मिनिटं जाळीवर पालथे ठेवायचे, आमच्याकडे तर वाटीभर पाणी निघालं. मग १८० डिग्रीला १८-२० मिनिटं, फॉइल नको, वाफ कोंडते. साल सुरकुतायला लागली की लगेच बाहेर. छोट्या भांड्यात एकमेकांना चिकटून बसवले की कलंडत नाहीत.

पाहुणे यायचे असतील तर मी मिरचीच करते, टोमॅटो घरच्यांपुरता. आणि एकत्रच करायचे असतील तर टोमॅटो मिरचीनंतर वीस मिनिटांनी, वेगळ्या भांड्यात आत.