खोकला, ओठांचा चटका, खुर्चीची करकर: Attenuate की Replace?

RX ह्या आवाज दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधल्या Spectral Repair मध्ये गेलं की नवीन माणूस ह्या दोन मोडपाशीच अडकतो. Attenuate नकोसा आवाज आजूबाजूच्या पातळीपर्यंत दाबतं, त्याच्याखालचं बोलणं तसंच राहतं. Replace मात्र निवडलेल्या भागातलं सगळं काढून टाकतं आणि शेजारच्या आवाजावरून नवीन बनवून भरतं. त्यामुळे मी आधी एवढंच बघतो की डागाखालचं बोलणं अजून ऐकू येतंय का, येत असेल तर Replace ला हात लावत नाही.

खुर्चीच्या करकरीला Attenuate च. एका मुलाखतीत "आठवतं" मधल्या लांब "आ" वर खुर्ची करकरली होती. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या चित्रात जिथे आडवा वेळ आणि उभी फ्रिक्वेन्सी दिसते तिथे, बोलण्याच्या रेघा सारख्या अंतरावर एकावर एक असतात आणि सगळ्या मिळून वरखाली होतात, ही करकर मात्र 900 हर्ट्झपासून तिरकी वर चढत त्यांना छेदून जात होती. आधी मी घाईत अख्खा चौकोन निवडला तर तो "आ" पाण्याखालून आल्यासारखा झाला, कारण करकरीबरोबर बोलण्याच्या रेघा पण दबल्या. मग अन्डू करून FFT साइझ, म्हणजे चित्र काढताना एका वेळी आवाजाचा किती लांब तुकडा घ्यायचा ते, 4096 केली तेव्हा रेघा सुट्या दिसायला लागल्या, बारीक ब्रशने फक्त तिरकी रेघ रंगवली आणि Attenuate हलकंच दोनदा मारलं. करकर पूर्ण गेली नाही, पण कान तिकडे जायचा थांबला, आणि तेवढं पुरतं.

ओठांचा चटका उलटा, काही मिलिसेकंदांची बारीक उभी रेघ. तिथे FFT साइझ 512 ठेवा, नाहीतर ती रेघ पसरट दिसते आणि नेमकी कुठे सुरू होते तेच कळत नाही. दोन शब्दांच्या मधे असेल तर Replace एकदम साफ काम करतं. फक्त प, ब, त, क ह्यांचा स्फोट पण स्क्रीनवर अशीच उभी रेघ दिसतो हां, तो उडवला तर "पाणी" चं "आणी" होतं. म्हणून ऐकल्याशिवाय डोळ्यांवर विश्वास ठेवून काही पुसू नका.

खोकल्याला दोन्ही मोड कमीच पडतात. तो खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला आणि चांगला पाव-अर्धा सेकंद चालतो, एवढी जागा Replace ने भरली की धातूसारखं काहीतरी घुमतं. पॉजमध्ये असेल तर कापा आणि त्याच रेकॉर्डिंगमधला रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, तिथे टाका, नुसती शांतता टाकली तर तिथे खड्डा ऐकू येतो. शब्दावरच असेल तर तोच शब्द दुसरीकडून उचलून बसवा किंवा रीटेक घ्या.

कुठलाही मोड वापरला तरी नंतर मूळ ट्रॅक इन्व्हर्ट करून दुरुस्त केलेल्यावर मिक्स करा. जे उरतं तेच तुम्ही बदललेलं असतं, आणि त्यात करकरीबरोबर शब्द पण ओळखू येत असेल तर ब्रश जाड झालाय, परत करा.