आठ महिने फोर-सीम आणि टू-सीम: एका माजी टेनिस-बॉल बोलरचा अनुभव

नाशिकला असताना मी टेनिस बॉलने वेगात बोलिंग करायचो. आता न्यू जर्सीत रविवारच्या हौशी बेसबॉल लीगमध्ये पिचिंग करतो. पहिल्या दिवशी वाटलं होतं, शिवण बोटाखाली आली की झालं, हे तर आपल्याला येतंच. दोन आठवड्यांत तो माज उतरला. क्रिकेटच्या चेंडूवरची शिवण मधोमध सरळ पट्ट्यासारखी असते. बेसबॉलची शिवण चेंडूभर नागमोडी फिरते, टाके दुहेरी आणि १०८. त्यातल्या कुठल्या भागावर बोटं ठेवता, त्यावर फोर-सीम आणि टू-सीम या दोन पकडी वेगळ्या होतात.

फोर-सीममध्ये शिवणीचा घोड्याच्या नालेसारखा भाग शोधायचा, त्याची उघडी बाजू अनामिकेकडे ठेवायची आणि पहिली दोन बोटं शिवणीवर आडवी टाकायची. अंगठा बरोबर खाली. चेंडू आणि तळवा यांच्यात थोडी फट हवी. मी सुरुवातीला चेंडू मुठीत आवळायचो. मनगट ताठ व्हायचं आणि वेगही जायचा. आमचा कॅचर म्हणाला, "अरे, अंडं धर, दगड नको." तेवढं जमलं तेव्हा चेंडू उलटा फिरत सरळ जायला लागला. उलट्या फिरकीमुळे तो अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो, म्हणून बॅटरला वर उसळल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात वर जात नाही, आणि माझ्या ११० किलोमीटरच्या वेगात तर तो भासही फिका.

तिसऱ्या महिन्यात खरी डोकेदुखी सुरू झाली. माझा फोर-सीम शेवटी डावीकडे, म्हणजे उजव्या बॅटरपासून दूर सरकायला लागला. मी मनगटाला दोष देत बसलो. मग एका जुन्या चेंडूवर, दोन बोटांच्या मधून जाणारी काळ्या मार्करची रेघ गोल फिरवून काढली आणि फोन पाठीमागे ठेवून स्लो मोशनमध्ये बघितलं. माझा उजवा हात तिरका येतो, तेव्हा रेघेचं वरचं टोक थोडं उजवीकडे झुकायला हवं होतं. ते डावीकडे झुकलं होतं, शिवाय रेघ डगमगत होती. अंगठा हळूहळू बाजूला वर चढला होता आणि सगळा जोर मधल्या बोटावर. ते बोट लांब असल्याने तसंही चेंडूला सगळ्यात शेवटी सोडतं. त्यात आणखी दाबलं की चेंडू कापल्यासारखा वळतो. यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा याचा प्रसिद्ध कटर, म्हणजे असा शेवटी कापल्यासारखा वळणारा चेंडू, १९९७ मध्ये असाच, साधी फेकाफेकी करताना, अचानक सापडला. त्याचं करिअर झालं. माझे मात्र 'बॉल', म्हणजे स्ट्राइकच्या चौकटीबाहेर जाणारे चेंडू, वाढले, कारण मी निशाणा सरळ धरत होतो! अंगठा परत खाली आणून, साधारण ३० फुटांवरून, दोन्ही बोटांचा दाब सारखा ठेवत रोज पन्नास चेंडू टाकले. तीन आठवड्यांनी रेघ ठिकाणावर आली.

टू-सीम मला जास्त आवडला. यात शिवणी जिथे सर्वांत जवळ येतात तिथे, शिवणीच्या दिशेने बोटं ठेवायची. पहिल्या बोटाचा दाब जरा वाढवायचा. फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू माझ्या हाताच्या बाजूला, उजव्या बॅटरच्या अंगावर, सरकत खाली बसतो. शिवणींच्या ठेवणीचाही यात हात असतो: त्या एका बाजूने हवेचा प्रवाह दुसरीपेक्षा लवकर तोडतात, त्यामुळे चेंडू फिरकीच्या हिशोबापेक्षा जास्त सरकू शकतो. यूटा स्टेट विद्यापीठातल्या बार्टन स्मिथ यांच्या प्रयोगांनी हे चर्चेत आलं.

मात्र दाब म्हणजे बोट रुतवणं नव्हे. मी ते केलं आणि एकदा चेंडू थेट बॅटरच्या बरगडीवर गेला. तो चांगला माणूस, हसला. मी पुढचे दोन डाव टू-सीम टाकलाच नाही. माझं निदान असं: बोट रुतवलं की मनगट आतल्या बाजूला लवकर वळतं आणि चेंडू उशिरा नव्हे, हातातूनच वाकडा निघतो. ओळखायची खूण सोपी आहे. चांगला टू-सीम कॅचरला आधी सरळ दिसतो, मग सरकतो. वाईट टू-सीम सुरुवातीपासूनच चुकीच्या वाटेवर असतो.

दोन तक्रारी. थंडीत बोटांच्या टोकांना जाणीवच राहत नाही, तेव्हा दाबाचं सगळं गणित कोलमडतं. पकडीसाठी बोटांना लावायची राळेची पुडी असली तरी टू-सीम मी मार्चमध्ये टाळतो. दुसरी तक्रार चेंडूंची. सरावाचा स्वस्त चेंडू उंच शिवणीचा होता आणि त्यावर माझा टू-सीम मस्त सरकायचा. सामन्याचा चेंडू बसक्या शिवणीचा निघाला आणि सरकणं जवळजवळ निम्म्यावर आलं. आता सराव सामन्याच्याच चेंडूंनी करतो, मग खिशाला चाट बसली तरी चालेल.

सध्या दहातले सात चेंडू फोर-सीम, बाकीचे टू-सीम. कटर मुद्दाम शिकलेलो नाही. अंगठा सुटला की तो आपोआप येतोच.