शाळेला कोणतं पत्र द्यावं: 'जपा' सांगणारं की 'असं खेळू द्या' सांगणारं?

लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ती 11 महिन्यांची होती. पहिलीत घातलं तेव्हा मी शाळेला एक पत्र दिलं. तिसरीत ते परत मागून घेतलं आणि दुसरं दिलं. मुलाचं ऑपरेशन होऊन गेलंय आणि आता शाळेला नेमकं काय कळवावं या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी ही दोन्ही पत्रं इथे शेजारी शेजारी ठेवते.

पहिलं पत्र चार ओळींचं होतं. "माझ्या मुलीच्या हृदयाचे मोठे ऑपरेशन झालेले आहे. कृपया तिची दगदग होऊ देऊ नये. धावणे, उड्या मारणे टाळावे. काही वाटल्यास लगेच फोन करावा." लिहिताना मला ते अगदी पुरेसं वाटलं होतं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण कामाचाही नव्हता.

पी.टी.च्या सरांनी ते वाचलं आणि तिला मैदानाच्या कडेला बसवलं. सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या तिच्यापाशी. दोन वर्षं तिने बाटल्या राखल्या. एका बाईंनी दगदग म्हणजे जिना असा अर्थ लावला आणि तिचं दप्तर उचलायला दुसरी मुलगी दिली. मधल्या सुट्टीत मात्र हीच मुलगी जीव तोडून पकडापकडी खेळायची, कारण तिथे पत्र वाचलेलं कुणी नसायचं. थोडक्यात, मोठ्या माणसाची नजर होती तिथे माझ्या पत्राने तिला अडवलं आणि नजर नव्हती तिथे मोकळं सोडलं. व्हायला हवं होतं बरोबर उलटं.

"काही वाटल्यास" या दोन शब्दांनी तर घोळच केला. गुडघा खरचटला, फोन. शिंका येतायत, फोन. आणि एकदा सुट्टीत पळून आल्यावर "छातीत धडधड थांबत नाहीये" असं तिने स्वतः सांगितलं, तेव्हा तिला पाणी देऊन बसवलं गेलं. मला संध्याकाळी तिच्याच तोंडून कळलं. मी बाईंना दोष देत नाही. 'काही' म्हणजे काय, ते मी कुठे लिहिलं होतं?

त्या धडधडीमुळे ईसीजी, इको आणि 24 तास ठोके नोंदवणारा होल्टर झाला. चिंतेचं काही निघालं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत काय खेळते?" मी जरा अभिमानानेच म्हणाले, "काही नाही, आम्ही जपतो." त्यावर ते म्हणाले, "कोणी सांगितलं?" तसं खरंच कुणी सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या पत्राची सुरुवात तिथून झाली. ऑपरेशन किती मोठं होतं हे शाळेला कळून उपयोग नसतो. आज हृदयात काय शिल्लक आहे, हे कळायला हवं. माझ्या लेकीला टेट्रालॉजी ऑफ फॅलो होता: हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, आणि फुप्फुसांकडे रक्त नेणारी वाट अरुंद. ऑपरेशनमध्ये छिद्रावर पॅच बसवला आणि वाट रुंद केली. वाट रुंद करताना तिथल्या झडपेची घडी बिघडते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला पुढे गेलेलं थोडं रक्त मागे येतं. उजव्या कप्प्याला तेच रक्त पुन्हा ढकलावं लागतं. रोजच्या हालचालीत हे जाणवतही नाही, पण लांब पल्ल्याच्या धावण्यात ती बाकीच्या मुलींच्या आधी थकते. हा आळस नाही, आणि त्यात दर वेळी धोका असतो असंही नाही. पत्रात मी हे तीन वाक्यांत लिहिलं. "ओठ निळे पडत नाहीत, रक्तात प्राणवायू पुरेसा असतो" हेही लिहिलं, कारण हृदयाचं ऑपरेशन म्हटलं की शिक्षकांना आधी तेच आठवतं.

मग खेळांचं. 'धावणे टाळावे' या एका ओळीच्या जागी हे आलं: "सर्व खेळांत भाग घेऊ द्यावा. वेग आणि थांबणे तिच्यावर सोडावे. वेळ लावून गुण देऊ नयेत. 'अजून एक फेरी' असा आग्रह करू नये. दम रोखून सगळे बळ लावायच्या गोष्टी, म्हणजे शेवटपर्यंत ताणायची रस्सीखेच किंवा दोरावर चढणे, यांत तिला गृहीत धरू नये."

माझ्या मते यात सगळ्यात मोलाची ओळ आग्रहाची आहे. मूल एकटं खेळताना दमलं की आपोआप थांबतं. सर शिट्टी वाजवतायत, वर्ग ओरडतोय, तेव्हा ते थांबत नाही. म्हणून मी सरांना 600 मीटरच्या शर्यतीचं उदाहरण देऊन समजावलं. तिला सगळ्यांबरोबर सुटू द्या. कुठेही चालायला लागली तरी चालेल. शेजारून जाताना तिला काहीतरी विचारा. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर चालायला सांगा. थांबल्यावर काही मिनिटांत श्वास नेहमीसारखा झाला पाहिजे. यासाठी ना यंत्र लागतं ना वैद्यकीय ज्ञान, आणि सरांना हे लगेच पटलं. पहिल्याच शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. तिसरी फेरी निम्मी चालत काढली.

रस्सीखेचीबद्दल मात्र थोडं सांगते, कारण तिथे लोक चक्रावतात. धावण्याला हो आणि दोरी ओढायला नाही, असं कसं? दम कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो आणि महारोहिणीवर, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीवर, ताण येतो. या आजारात ती मूळचीच जरा रुंद असू शकते. गंमत म्हणून दोरी धरायला हरकत नाही, घशाच्या शिरा फुगेपर्यंत ओढायचं नाही, एवढंच आमच्या डॉक्टरांनी सांगितलं.

'काही वाटल्यास'चे दोन भाग केले. प्रार्थनेला बराच वेळ उभं राहून किंवा रिकाम्या पोटी भोवळ आली, तर आडवं करून पाय उंच करायचे, सावध झाल्यावर पाणी द्यायचं आणि मला कळवायचं. असं कुठल्याही मुलाला होतं. पण धावता धावता शुद्ध हरपली, श्रमाने छातीत दुखलं, किंवा बसूनही धडधड थांबत नसेल, तर ते वेगळं. मूल लगेच सावध झालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांनी बघायला हवं. आणि कोसळून हाक देत नसेल, श्वास नीट चालत नसेल, तर आधी रुग्णवाहिका, मग लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात, एईडी, म्हणजे बंद पडलेल्या ठोक्यांसाठी विजेचा झटका देणारं यंत्र, असेल तर ते आणून लावायचं, आणि आईला फोन सगळ्यात शेवटी. हा क्रम मी जाड अक्षरांत लिहिला. शिवाय एक ओळ: "छातीवर ऑपरेशनचा व्रण आहे म्हणून दाब द्यायला कचरू नये." मीटिंगमध्ये एका बाईंनी हीच शंका विचारली, म्हणजे ती ओळ हवीच होती.

दुसऱ्या पत्राला खोट नाही असं नाही. ते लांब आहे, आणि लांब पत्र कपाटात जातं. म्हणून पी.टी.च्या सरांसाठी खेळांच्या ओळी आणि तो क्रम वेगळ्या अर्ध्या पानावर दिला. शिवाय मुख्याध्यापिकांनी सरळ विचारलं, "तुम्ही खेळू द्या म्हणता, पण जबाबदारी कोणाची?" प्रश्न रास्त होता. फक्त आईच्या सहीवर शाळा मुलाला मैदानात उतरवणार नाही. मी पत्राचा मसुदा डॉक्टरांकडे नेला, त्यांनी एक शब्द बदलून खाली सही केली. पहिल्या पत्राला सही कुणी मागितली नव्हती. बसवून ठेवायला सही लागत नाही.

आता तुमचं मूल यात कुठे बसतं ते बघा, कारण माझं दुसरं पत्र जसंच्या तसं उतरवून काढणंही चूकच. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला फक्त कप्प्यांमधलं छिद्र होतं. ते पूर्ण बुजलं, गळती उरली नाही, फुप्फुसांतला दाब आणि ईसीजी ठीक. त्याला दोनच ओळी पुरतात: ऑपरेशन झालेलं आहे, खेळावर कोणतंही बंधन नाही, खाली डॉक्टरांची सही. त्याच्यासाठी 'वेग त्याच्यावर सोडावा' एवढं लिहिलं तरी शिक्षक त्याला आजारी समजायला लागतील.

याच्या उलट काही मुलांना माझं पत्र अपुरं पडेल. धातूची झडप बसवलेली असते आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असते, तिथे प्रश्न धावण्याचा नसून आदळण्याचा असतो. धक्काबुक्कीचे खेळ नकोत, आणि डोक्याला मार लागला तर मूल हसत असलं तरी रुग्णालयात न्यायचं, हे त्या पत्रात सगळ्यात वर हवं. पेसमेकर असेल तर तो जिथे बसवलाय तिथे चेंडूचा थेट मार नको. एकाच खालच्या कप्प्यावर चालणारं हृदय असेल किंवा महारोहिणीतला अडथळा अजून उरला असेल, तर खेळांची यादी डॉक्टरांसमोर बसूनच करावी.

पहिल्या पत्रासारखं कडक पत्र एका वेळी मात्र योग्य ठरतं: ऑपरेशन नुकतंच झालेलं असताना. छातीचं मधलं हाड कापून जोडलेलं असतं, ते सांधायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात. तोवर जड दप्तर, लोंबकळणं, सायकल, ढकलाढकली नको, आणि लहान मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही. पण त्या पत्रावर 'अमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असावं. माझ्या पहिल्या पत्रावर तारीख नव्हती. ते ऑपरेशननंतर पाच वर्षांनी लिहिलेलं, आणि भाषा मात्र पहिल्या आठ आठवड्यांची.

दुसऱ्या पत्रावर तारीख आहे. दरवर्षी इको झाला की नवीन देते, कारण झडपेची गळती वाढली, उजवा कप्पा फुगला किंवा ठोके चुकायला लागले तर खेळांच्या ओळी बदलाव्या लागतील, आणि पुढेमागे झडप बदलावी लागली तर पत्र मुळापासून नवं लिहावं लागेल. या वर्षी वरची तारीख तेवढी बदलली. आणि लेकीच्या सांगण्यावरून एक ओळ खोडली, ती 'व्रणाबद्दल वर्गाला समजावून सांगावे' ही. तिचं म्हणणं, ते ती स्वतः सांगेल, कुणी विचारलं तर.