चेक बाऊन्समध्ये शिक्षा लागली: आधी अपील की थेट हायकोर्टात रिव्हिजन?

चेक बाऊन्सच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 च्या केसमध्ये जेएमएफसीने, म्हणजे खालच्या कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटने, शिक्षा सुनावली की दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो सेशन्स कोर्टात अपील टाक, दुसरा म्हणतो तिथे कशाला वेळ घालवतोस डायरेक्ट हायकोर्टात रिव्हिजन टाक, मोठं कोर्ट आहे न्याय मिळेल. तर आधीच सांगतो, हा दुसरा सल्ला बहुतेक वेळा चुकीचाच असतो. ज्याला अपीलचा हक्क आहे आणि त्याने अपील केलंच नाही, त्याला रिव्हिजन मागता येत नाही, नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, म्हणजे बीएनएसएसच्या, कलम 442 मध्ये ते स्पष्ट लिहिलंय (जुन्या सीआरपीसीत 401). अपील होत नाही असं चुकून समजून कोणी रिव्हिजन टाकली तर हायकोर्ट तिला अपील म्हणून वागवू शकतं, पण ते कोर्टाच्या हातात आहे, त्या भरवशावर कोणी जाऊ नये.

मुद्दा आधी कुठे आणि मग कुठे एवढ्याचाच नाही, दोन्हीकडे कोर्ट काय बघतं याचा आहे. अपीलमध्ये सेशन्स जज पूर्ण पुरावा नव्याने तपासतो. तक्रारदाराची उलटतपासणी, बँकेचा मेमो, नोटीसची पोचपावती, सगळं वाचून स्वतःचं मत बनवतो आणि ते मॅजिस्ट्रेटपेक्षा वेगळं असू शकतं. रिव्हिजनमध्ये मात्र हायकोर्ट विचारतं की खालच्या कोर्टाने कायद्याची चूक केली का, अधिकार नसताना काही केलं का, किंवा पुराव्याशी कसलाही संबंध नसलेला निष्कर्ष काढला का. "साहेब, या साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता" हे अपीलमध्ये चालतं, रिव्हिजनमध्ये सहसा नाही.

याचं चांगलं उदाहरण गोव्यातलंच आहे. 6 लाखांचा चेक, मित्राला दिलेलं हातउसनं कर्ज, मॅजिस्ट्रेट आणि सेशन्स दोघांनी दोषी धरलं. हायकोर्टाने रिव्हिजनमध्ये, तक्रारदाराची एवढे पैसे देण्याची ऐपतच नव्हती म्हणून आरोपीला सोडलं. सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवून शिक्षा पुन्हा कायम केली, कारण दोन कोर्टांनी एकच निष्कर्ष काढला असताना रिव्हिजनमध्ये तो असा उलटवता येत नाही. म्हणजे रिव्हिजनमध्ये जिंकलेलं पण वर टिकेलच असं नाही. ऐपतीचा मुद्दा मुळात चांगलाच आहे हो, पण तो मांडायचा तक्रारदाराच्या उलटतपासणीत आणि मग अपीलमध्ये.

आता एक केस घेऊ, काल्पनिकच. तुम्ही 4 लाख घेतले, 4 लाखांचा चेक दिला, मग यूपीआयने दीड लाख परत केले, तरी समोरच्याने अख्खा 4 लाखांचा चेक टाकला आणि तो बाऊन्स झाला. मॅजिस्ट्रेटने सहा महिने शिक्षा आणि 6 लाख भरपाई लावली. निकाल 10 मार्चचा. सेशन्सला अपीलची मुदत 30 दिवस, म्हणजे 9 एप्रिल, पण निकालाच्या सर्टिफाइड कॉपीसाठी गेलेले दिवस वजा होतात. तुम्ही 12 मार्चला अर्ज केला आणि 20 ला कॉपी तयार झाली तर ते नऊ दिवस वाढून 18 एप्रिलपर्यंत वेळ मिळतो. मात्र कॉपीचा अर्जच महिनाभराने केला तर आधीच्या दिवसांचा काही उपयोग नाही, मग डिले कंडोनेशनचा, म्हणजे उशीर माफ करा असा, अर्ज लिहीत बसावं लागतं. रिव्हिजनला 90 दिवस असतात म्हणून लोकांना ती सोयीची वाटते, पण वर सांगितलं तसं पहिल्या फेरीला तो रस्ताच नाही.

शिक्षा तीन वर्षांच्या आतली असेल आणि तुम्ही जामिनावर असाल तर मॅजिस्ट्रेटच अपील टाकेपर्यंत शिक्षा थांबवतो, हा अर्ज निकालाच्याच दिवशी द्यायचा, वकिलाने तयार ठेवलेला असला पाहिजे. मग अपीलसोबत सेशन्सला शिक्षेच्या स्थगितीचा अर्ज. इथे त्याच चेकच्या कायद्याचं 148 कलम येतं: कोर्ट दंड किंवा भरपाईच्या किमान 20 टक्के भरायला सांगू शकतं, म्हणजे आपल्या केसमध्ये 1 लाख 20 हजार, 60 दिवसांत, कारण दाखवलं तर आणखी 30. हे प्रत्येक वेळी डोळे झाकून लावायचं नाही असं सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये सांगितलंय, पण सूट हवी तर कारण तुम्हीच लिहून द्यायचं. नुसतं "परिस्थिती हलाखीची" लिहिलं तर कोणी बघत नाही.

आता शिक्षा उलटते कशावर. आपल्या केसमध्ये सगळ्यात भारी मुद्दा तो दीड लाखाचा आहे. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरातच्या एका केसमध्ये म्हटलं की चेक दिल्यानंतर काही रक्कम परत आली असेल आणि चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर तो टाकायच्या दिवशीच्या खऱ्या देण्याचा चेक राहत नाही आणि 138 लागत नाही. तिथे 20 लाखांच्या चेकपैकी साधारण 4 लाख परत आले होते. मात्र तुमचं यूपीआय स्टेटमेंट ट्रायलमध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या सर्टिफिकेटसह एक्झिबिट झालेलं, म्हणजे पुरावा म्हणून नोंदलेलं हवं. झालं नसेल तर अपीलमध्ये जादा पुराव्याचा अर्ज करता येतो, पण "तेव्हा का नाही दिलं" याचं उत्तर लागतंच.

दुसरा नेहमीचा मुद्दा तारखांचा. बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. पंधरा दिवस संपायच्या आतच तक्रार टाकली असेल तर ती टिकत नाही. पोचपावतीवरची तारीख आणि तक्रारीवरचा शिक्का एकदा शेजारी ठेवून बघा, काम दहा मिनिटांचं आहे. कंपनीचा चेक असेल तर कंपनीला आरोपी केलंय का तेही बघा, फक्त डायरेक्टरला धरलं असेल तर केस पडते. असे मुद्दे निव्वळ कायद्याचे असल्याने रिव्हिजनमध्येही चालतात, त्यामुळे अपीलच्या मेमोत, म्हणजे अपीलच्या अर्जात, आलेच पाहिजेत, नाहीतर हायकोर्टात पहिला प्रश्न "खाली का नाही घेतला" हाच येतो.

आणि सगळ्याच चुका कामाच्या नसतात. चार्जमधली चूक, रोजनाम्यातली गडबड, एखादी सही राहिली, यावर लोक पानंच्या पानं लिहितात, पण त्या चुकीमुळे आरोपीचं खरोखर नुकसान झालं हे दाखवता आलं नाही तर शिक्षा उलटत नाही. आरोपीच्या जबाबात त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा विचारलाच नसेल तर मात्र वेगळी गोष्ट, तिथे नुकसान दाखवता येऊ शकतं.

एक भीती लोकांच्या मनात असते की अपील टाकलं आणि शिक्षा वाढली तर? आरोपीच्या स्वतःच्या अपीलमध्ये सेशन्स शिक्षा वाढवू शकत नाही. शिवाय सुनावणीला तुमचा वकील आला नाही म्हणून अपील तसंच डिसमिस करता येत नाही, कोर्टाने रेकॉर्ड बघूनच निकाल द्यायचा असतो.

अपील हरलात तर मग हायकोर्टात रिव्हिजन. पण त्याच दिवशी सेशन्सकडून हायकोर्टात जायला काही आठवडे मुदत मागून घ्या, नाहीतर वॉरंट निघतं. आणि मधेच तडजोड करायची असेल तर 2025 च्या त्याच गोव्याच्या केसमधल्या निकालाप्रमाणे अपील किंवा रिव्हिजनमध्ये चेकच्या 7.5 टक्के कॉस्ट पडते, सुप्रीम कोर्टात 10. चार लाखाला 30 हजार, तेही समोरच्याला द्यायच्या पैशांव्यतिरिक्त. ट्रायल कोर्टातच, निकालाआधी मिटवलं असतं तर फार तर 5 टक्के, म्हणजे 20 हजार.