८:१२ची फास्ट, लेट मार्क की चौथी सीट? शोचं नाव ठरवताना

ऑफिस आणि लोकल यावर स्टँडअप कॉमेडीचा तासाभराचा सेट तयार आहे, पण पोस्टरवर काय टाकायचं ते ठरत नाहीये, असं एका मित्राने विचारलं म्हणून लिहितोय. मी ही तिन्ही नावं वापरून बघितलीत. डोंबिवलीहून रोज जाणारा माणूस आहे, त्यामुळे माझं मत थोडं सेंट्रल लाइनचं असणार, ते धरूनच वाचा.

पहिलं नाव होतं ‘८:१२ची फास्ट’. ऐकायला एकदम भारी, कारण आपल्याकडे लोक गाडीला नंबराने नाही तर वेळेनेच ओळखतात, ‘माझी ८:१२ गेली’ म्हटलं की पुढची सगळी सकाळ डोळ्यासमोर येते. पोस्टरवर पण आकडा मस्त दिसतो. पण शो होता संध्याकाळी साडेसातचा. मी स्टेजवर जाऊन पंधरावीस मिनिटं झाली असतील, पहिला मोठा पंच नुकताच बसला होता, आणि दार उघडून सातआठ जणांचा एक ग्रुप आत आला, मोबाईलचे टॉर्च लावून, ‘एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी’ करत थेट दुसऱ्या रांगेत. मी विचारलं काय हो, एवढा उशीर? तर त्यातले काका म्हणाले, ‘उशीर कुठे, पोस्टरवर ८:१२ लिहिलंय, आम्ही वीस मिनिटं आधी आलोय.’ त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा काकांनी घेतला. पुढच्या शोला मी साडेसात मोठ्या अक्षरात टाकलं तरी तेच, कारण लोक पोस्टर वाचत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी ‘चल ८:१२ला जाऊ’ असं काहीतरी टाकतं आणि तेवढंच डोक्यात राहतं. शिवाय प्रत्येक शोनंतर एक तरी माणूस येऊन सांगणार की ८:१२ फास्ट नाहीचे, स्लो आहे, आणि तीही ठाण्यापर्यंतच. मी कल्पनेतली गाडी घेतलीये हे त्याला पटत नाही. आणि रेल्वेने टाइमटेबल बदललं की तुमचं नाव शिळं. कदाचित दुसऱ्या कोणाला हा त्रास होणारही नाही, पण माझ्यासाठी हे नाव त्या दारातच संपलं.

‘लेट मार्क’बद्दल मला खरंच वाईट वाटतं कारण नाव हुशार आहे, गाडी लेट झाली आणि फटका मस्टरवर बसला, दोन्ही जगं दोन शब्दांत. तीन लेट मार्क म्हणजे अर्धा दिवस कट, हे ज्याने भोगलंय तो नाव वाचूनच हसतो. पण आयटीतल्या पोरांकडे स्वाइपचे तास मोजतात, त्यांना हा शब्द बाबांच्या ऑफिसातला वाटतो. गुगलवर शोधलं तर शोच्या आधी लेट मार्क माफीचे अर्ज येतात. आणि एका कंपनीच्या एचआरने नाव बघून अ‍ॅन्युअल डेला बोलावलं, मग म्हणे एचआरवरचे जोक तेवढे काढा. मग उरलं काय!

राहिलं ‘चौथी सीट’. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, म्हणजे बसतो कसला, अर्धं बूड टेकवतो, एक पाय पॅसेजमध्ये, मांडीवर डब्याची बॅग, आणि तरी उभ्या असलेल्यांकडे मालकासारखा बघतो. ऑफिसातही आपलं तेच की, मीटिंगला खुर्ची कमी पडली की बाहेरून स्टूल ओढून आणणारे आपणच. त्यामुळे सेटचा ट्रेनमधला भाग संपून ऑफिस सुरू होताना वेगळा सांधा लावावा लागत नाही, नावच तो लावतं.

तोटे आहेत, नाही असं नाही. पुण्यात पहिल्या शोला अर्ध्या लोकांना काही कळलंच नाही, तीन खुर्च्या मांडून त्यावर प्रेक्षकांतले चार जण बसवून दाखवावं लागलं (आता तेच माझं ओपनिंग आहे, सो ठीक आहे). दुसरं म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. तिकिटाच्या साइटवर कोणी Chauthi टाकतो, कोणी Chouthi, आणि एकाने Choti टाकून मलाच फोन केला की लहान मुलांचा शो आहे का. त्यामुळे हे नाव घेणार असाल तर लिंकच पाठवा, लोकांना शोधायला लावू नका, आणि पोस्टरवर देवनागरीच मोठं ठेवा.

तुमचा सेट पूर्ण ऑफिसवरच असेल, ट्रेन फक्त पाच मिनिटं, तर ‘लेट मार्क’ घ्या, मी काही आग्रह करणार नाही. पण नाव ठरवण्याआधी एकदा घरातल्या मोठ्या माणसाला फोनवर फक्त नाव सांगून बघा आणि पुढे काय विचारतात ते ऐका. माझ्या मावशीला मी तिन्ही सांगितली होती. ‘८:१२ची फास्ट’ला म्हणाली, मग शो किती वाजता? ‘लेट मार्क’ला म्हणाली, बरं. आणि ‘चौथी सीट’ला थोडी थांबली आणि म्हणाली, ‘अरे, अजून तुला बसायला मिळत नाही का?’