वेळेवर आलेले सात हप्ते

निवृत्तीच्या रकमेतील पाच लाख रुपये मी कोल्हापुरातील एका गुंतवणूक कंपनीत ठेवले, त्याला कारण माझा मेहुणा होता. त्याला वर्षभर दरमहा पैसे मिळत होते आणि तो खोटे बोलणारा माणूस नव्हे. योजना अशी होती की दरमहा पाच टक्के, म्हणजे पंचवीस हजार रुपये, वीस महिने मिळायचे आणि शेवटी मुद्दल परत. नवा गुंतवणूकदार आणणाऱ्यास त्याच्या रकमेवर आठ टक्के बक्षीस होते.

सात हप्ते अगदी तारखेला आले, आठवा आलाच नाही. पुढे कार्यालयालाही कुलूप लागले. तेव्हा कागद घेऊन जो हिशेब मांडला, तो खरे तर पहिल्या दिवशीच मांडायला हवा होता. माझ्या पाच लाखांतून मेहुण्याला चाळीस हजार गेले, उरले चार लाख साठ हजार. त्यातून दरमहा पंचवीस हजार दिले तर अठरा हप्त्यांनंतर दहाच हजार शिल्लक राहतात, आणि मुद्दल तर अजून द्यायचेच असते. म्हणजे मला मिळालेले पावणेदोन लाख हे नफा नसून माझेच पैसे असू शकत होते आणि पुढचे हप्ते नव्या माणसाच्या पैशांवरच अवलंबून होते. बक्षिसाची एवढी घाई कशासाठी होती, हे त्यावरून कळते.

पैसे शेअर बाजारात गुंतवले जातात असे ते सांगत. पण माझ्या नावाचे डिमॅट खाते कधीच उघडले गेले नाही. भिंतीवर कंपनी नोंदणीचे आणि जीएसटीचे प्रमाणपत्र होते, ज्यांपैकी एकानेही लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी मिळत नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्या पोर्टफोलिओ व्यवस्थापकाला पन्नास लाखांखालील रक्कम स्वीकारता येत नाही आणि निश्चित परताव्याची हमीही देता येत नाही, हे मला ठाऊक नव्हते. करारात ‘ठेव’ हा शब्दच नव्हता, ‘सल्ला सेवा’ असा होता. मी मात्र स्टॅम्प पेपर आणि पुढील तारखांचे धनादेश पाहून निर्धास्त झालो.

सर्वांत स्पष्ट खूण माझ्याच पासबुकात होती. पहिले दोन हप्ते कंपनीच्या खात्यातून आले, नंतरचे पाच तीन अनोळखी व्यक्तींच्या खात्यांतून. कंपनीने एवढे व्याज दिले असते तर त्यातून कर कापला गेला असता आणि त्याची नोंद माझ्या फॉर्म 26AS मध्ये दिसली असती. तिथे काहीच नव्हते.

या काळात मी साडूंना दोन लाख गुंतवायला लावून सोळा हजार घेतले होते. ते मी त्यांना परत केले, तरी आमच्यात अजून बोलणे नाही. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार देताना अधिकाऱ्याने करार, धनादेश आणि बँकेचा उतारा मागून घेतला, आणि त्या सोळा हजारांच्या नोंदीवर बोट ठेवून विचारले, “हे कशाचे?”